जुलाब बंद झाले, पोट फुगलं, मान वळली: चौदा महिन्यांच्या मुलीचं एक प्रकरण

मे महिन्यातला रविवार. दुपारचा सव्वा वाजलेला, सोलापुरात बाहेर पाय ठेववत नाही असं ऊन. ओपीडी आवरून मी निघणार तेवढ्यात एक रिक्षा दारात थांबली. आजी पुढं, तिच्या मागं मुलीला छातीशी धरलेली आई, आणि हातात औषधाची बाटली घेऊन वडील. मुलीचं वय चौदा महिने. तिला इथं छकुली म्हणू. ओळख पटू नये म्हणून बारीकसारीक तपशील बदलले आहेत, औषधं आणि मात्रा मात्र जशाच्या तशा आहेत.

आजी आत येता येताच म्हणाली, "डॉक्टर, फिट आलीय बघा पोरीला. डोळं वर गेल्यात." आणि लगेच पुढचं वाक्य: "संडास तर रात्रीच बंद झालंय की. मग हे काय होऊन बसलं?"

आजीची ही दोन वाक्यं एकमेकांना जोडली की प्रकरणाचं निदान निम्म्याहून अधिक झालं. मला ती जोडायला पाच-सात मिनिटं लागली.

घरची हकिकत अशी. वडील टॉवेलच्या कारखान्यात यंत्रमागावर. नळाला चार-पाच दिवसांनी पाणी, ते बॅरलमध्ये भरून ठेवायचं, आणि मे महिन्यात त्या बॅरलचं तळातलं पाणी म्हणजे काय ते सांगायला नको. शनिवारी सकाळी छकुलीला तीनदा उलटी झाली, दुपारपासून पाण्यासारखे जुलाब. रात्री दहापर्यंत सात-आठ वेळा झाले होते. ताप किरकोळ, संडासात रक्त नाही, मूल किरकिरं पण जागं, अंगावर पीत होतं. या टप्प्याला या मुलीला खरं तर ओआरएस सोडून फारसं काही लागत नव्हतं.

पण उलटी थांबेना म्हणून वडील दुकानातून मेटोक्लोप्रमाइडचं सिरप घेऊन आले. जुलाबासाठी औषध घरातच होतं. मागच्या वर्षी लग्नाच्या जेवणानंतर आजोबांना ढाळ लागले होते, तेव्हाच्या पाकिटात लोपेरामाइडच्या 2 मिग्रॅच्या गोळ्या उरलेल्या. आजोबांना दोन गोळ्यांत गुण आला होता, मग लहान पोरीला अर्धी पुरे, असा हिशोब. त्यात कुणाचा निष्काळजीपणा नव्हता. उलट रात्रभर घड्याळ लावून औषध दिलं गेलं होतं.

रात्री दहाला अर्धी गोळी पाण्यात विरघळवून आणि एक चमचा सिरप. दोनला पुन्हा अर्धी गोळी. पहाटे सहाला सिरप, सातला अर्धी गोळी, अकराला परत सिरप. शेवटचा जुलाब पहाटे तीनच्या सुमारास झाला. त्यानंतर मूल "निवांत झोपलं", घरच्यांनाही डोळा लागला.

नऊला आई अंगावर पाजायला गेली तर मूल ओढेना. पोट थोडं फुगल्यासारखं वाटलं, गॅस असेल म्हणून हिंग चोळला. रात्रीपासून लंगोट ओला झाला नव्हता, पण जुलाबाने पाणी गेलंय म्हणून लघवी कमी, असं वाटलं. बाराच्या पुढे मान उजवीकडे वळली ती सरळ होईना, डोळे वर गेले, जीभ मधूनच बाहेर. तेव्हा रिक्षा बोलावली.

टेबलावर घेतल्यावर पहिली नजर मानेवरच गेली. कुणाचीही जाईल. पण मी पोटावर हात ठेवला तर पोट डग्ग्यासारखं ताणलेलं. स्टेथोस्कोप लावला आणि पूर्ण दोन मिनिटं ऐकत राहिलो. जुलाब झालेल्या मुलाच्या पोटात एरवी कुकरसारखी खळखळ चाललेली असते. इथं चिडीचूप. श्वास मोजला, मिनिटाला 14. या वयात तो पंचवीस-तीसच्या आसपास हवा, आणि पाणी कमी झालेल्या मुलाचा तर उलट वाढलेला असतो. मग डोळ्यांवर बॅटरी मारली. बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या.

फुगलेलं मुकं पोट, मंद श्वास, बारीक बाहुल्या. हे तिन्ही एकत्र दिसले की अफूच्या जातीचं औषध आठवलं पाहिजे. मी वडिलांना विचारलं, "या सिरपशिवाय आणखी काय दिलं?" त्यावर आजोबांच्या पाकिटाची गोष्ट निघाली. तोपर्यंत कुणी ती सांगितली नव्हती, कारण जुलाब तर थांबले होते. म्हणजे ते औषध लागू पडलं होतं!

लोपेरामाइड खरंच अफूच्या कुळातलं औषध आहे. आतड्याच्या भिंतीत नसांचं एक जाळं असतं, त्याच्या तालावर आतडं आकुंचन पावत अन्न-पाणी पुढं सरकवतं. या जाळ्यावर अफूसाठीच जणू बसवलेली कुलपं आहेत. लोपेरामाइड तिथं जाऊन बसतं आणि आतड्याची हालचाल मंदावते. शिवाय गुदद्वाराचा स्नायूही आवळला जातो. मोठ्या माणसात ते मेंदूपर्यंत पोचत नाही, कारण मेंदूच्या रक्तवाहिन्यांच्या दारावर एक पंप असतो आणि तो शिरू पाहणारं औषध परत रक्तात फेकत राहतो. म्हणून आजोबांना गुंगी येत नाही. लहान बाळात हा पहारा पुरता भरवशाचा नसतो, वजनाच्या मानाने मात्रा चटकन मोठी होते, आणि यकृतही औषध तितक्या वेगाने निकालात काढत नाही. मग आतड्यासाठी दिलेलं औषध श्वासाच्या केंद्रापर्यंत जातं.

छकुलीचं वजन लसीकरणाच्या कार्डावर आठवड्यापूर्वीचं 8.4 किलो होतं. तिच्या पोटात नऊ तासांत 3 मिग्रॅ लोपेरामाइड गेलं होतं. दोन वर्षांखालच्या मुलात या औषधाची सुरक्षित मात्राच नाही, ते द्यायचंच नसतं. त्यामुळे "अर्धीच गोळी" या शब्दाला काही अर्थ उरत नाही.

आता या प्रकरणात मला सगळ्यात बोलकी वाटलेली गोष्ट. आम्ही तिचं वजन केलं: 7.9 किलो. म्हणजे अर्धा किलो कमी, साधारण सहा टक्के. एवढ्या घटीला पाणी मध्यम कमी झालं असं धरतात. पण मूल समोर वेगळंच सांगत होतं. डोळे खोल, तोंड कोरडं, पोटाच्या बाजूची चामडी चिमटीत धरून सोडली तर दोन सेकंदांहून जास्त वेळ तशीच उभी, हातपाय गार, नाडी बारीक. ही चिन्हं दहा टक्क्यांची. मधलं पाणी कुठं गेलं? पोटातच होतं. जुलाबात आतडं पाणी सोडतच राहतं, लोपेरामाइडने ते थांबलं नव्हतं. थांबलं होतं फक्त बाहेर येणं. रक्तातलं पाणी कमी होऊन ते आतड्याच्या नळीत साचलं होतं. काट्यावर ते मोजलं जातं, शरीराच्या मात्र काही कामाचं नसतं. लंगोट कोरडा आणि मूल सुकलेलं, असं ते चित्र.

त्यातच रोगाचे जंतू आणि विषारी पदार्थ बाहेर पडण्याऐवजी आत कोंडले जातात. संडासात रक्त असेल, ताप जास्त असेल तर मोठं आतडं फुगून फाटण्यापर्यंत मजल जाते. छकुलीला रक्त नव्हतं, हे तिचं नशीब.

आणि मान? तिथं दुसरं औषध. मेटोक्लोप्रमाइड मेंदूतल्या उलटीच्या केंद्राजवळ डोपामिनला अडवतं, म्हणून उलटी थांबते. पण तेच डोपामिन मेंदूच्या खोल भागात स्नायूंचा ताण जुळवून ठेवतं. तिथंही अडवलं गेलं की स्नायू मनमानी करतात: मान वळते, डोळे वर जाऊन अडकतात, जीभ बाहेर येते, जबडा आवळतो, कधी पाठ धनुष्यासारखी वाकते. मुलांत आणि तरुणांत हे जास्त दिसतं, बहुतेक वेळा पहिल्या एक-दोन दिवसांतच. घरच्यांना ती फिट वाटते, किंवा धनुर्वात, किंवा दृष्ट. डॉक्टरांनाही वाटते, मेंदूज्वर समजून पाठीच्या मणक्यातलं पाणी काढायची तयारी झालेली प्रकरणं मी ऐकली आहेत.

सिरपवर लिहिलं होतं 5 मिलीमध्ये 5 मिग्रॅ. घरचा स्टीलचा चमचा भरून, म्हणजे किमान 5 मिग्रॅ, आणि असे तीन चमचे: 15 मिग्रॅ. युरोपच्या औषध नियंत्रकांनी 2013 मध्ये मुलांसाठी घातलेली मर्यादा पाहिली की हा आकडा कळतो. एका वर्षाखाली हे औषध पूर्ण वर्ज्य. त्यापुढं फक्त केमोथेरपीनंतरची किंवा शस्त्रक्रियेनंतरची उलटी, तीही दुसरी औषधं हरल्यावर, आणि दिवसभरात किलोला अर्ध्या मिग्रॅपेक्षा जास्त नाही. छकुलीच्या वजनाला ते दिवसाचे जेमतेम 4 मिग्रॅ होतात. साध्या जुलाब-उलटीचा त्या यादीत उल्लेखच नाही.

आणखी एक विचित्र भाग असा की ही दोन औषधं एकमेकांच्या विरुद्ध ओढतात. मेटोक्लोप्रमाइड जठराला रेटा देऊन पुढं ढकलतं, लोपेरामाइड खालचं आतडं बंद करतं. नळ पूर्ण सोडायचा आणि मोरीला बोळा कोंबायचा, तसं.

उपचाराला लागलो तेव्हा खरी अडचण पुढं आली, आणि हे प्रकरण लिहायचं कारणही तीच. एका औषधाने दुसऱ्याच्या उताऱ्याची वाट अडवली होती.

मान सोडवण्यासाठी जी औषधं हाताशी असतात ती बहुतेक गुंगी आणणारी. प्रोमेथाझिन दोन वर्षांखाली श्वास दाबतं म्हणून बाद. डायझेपाम, मिडाझोलाम श्वास आणखी मंद करतील. ट्रायहेक्सिफेनिडिल आधीच बंद पडलेल्या आतड्याला अधिकच सुस्त करणार, आणि तोंडावाटे द्यायचं तर ते शोषलं जाईल कसं? श्वास मिनिटाला 14 असलेल्या मुलाच्या मानेमागं लागणं म्हणजे चुकीच्या टोकाने सुरुवात. मान भयंकर दिसत होती, पण जीव घेणार होता तो श्वास आणि सुकलेपण.

म्हणून आधी मास्कने ऑक्सिजन, शिर लावली आणि अफूच्या जातीच्या औषधांवरचा उतारा, नॅलॉक्सोन. किलोला 0.1 मिग्रॅ हिशोबाने सुमारे 0.8 मिग्रॅ, म्हणजे 0.4 मिग्रॅच्या दोन अँप्यूल. दोनएक मिनिटांत श्वास चोवीसवर आला, बाहुल्या उघडल्या आणि मूल मोठ्याने रडलं. मान अजून तशीच वाकडी, डोळे वर, पण आईचा आवाज आल्यावर ती त्या बाजूला हात पसरत होती. इथं फिटचा प्रश्न मिटला. मान आणि डोळे दोन्ही बाजूंनी असे अडकवणाऱ्या झटक्यात मूल भानावर नसतं. इथं मूल शुद्धीवर, घाबरलेलं, नुसतं स्वतःच्या मानेचं मालक राहिलेलं नव्हतं. तरी साखर आणि कॅल्शियम तपासलं, दोन्ही ठीक. पोटॅशियम 2.6 निघालं, बरंच कमी. जुलाबात ते जातंच, आणि कमी झालं की आतडं आपणहूनही सुस्तावतं.

नॅलॉक्सोनबद्दल एक गोष्ट ठासून सांगतो. त्याचा असर तासाभरात ओसरायला लागतो. लोपेरामाइड मात्र शरीरात निम्मं व्हायलाच दहा-बारा तास घेतं. मूल जागं झालं म्हणून घरी पाठवलं तर वाटेत पुन्हा झोपेल, आणि श्वास पुन्हा मंदावेल. छकुलीला पाऊण तासाने आणि मग संध्याकाळी, अशी आणखी दोनदा द्यावी लागली. रात्रभर एक नर्स तिच्या उशाशी बसून श्वास मोजत होती.

श्वास स्थिर झाल्यावर मानेसाठी डायफेनहायड्रामिन, किलोला 1 मिग्रॅ, शिरेतून हळूहळू, एकदाच. तेही थोडं गुंगी आणतं आणि आतडं किंचित मंदावतं, हे माहीत होतं; उरलेल्या पर्यायांत तेच कमी वाईट. वीस मिनिटांत मान सैल पडली. आजीने आपसूक हात जोडले, कोणाला ते मी विचारलं नाही.

पाण्याच्या बाबतीत तोंडावाटे काही शक्य नव्हतं, आतडंच बंद. रिंगर लॅक्टेट शिरेतून: पहिल्या अर्ध्या तासात किलोला 30 मिली, म्हणजे साधारण 250 मिली, मग अडीच तासांत किलोला 70 मिली, म्हणजे 590 च्या आसपास. नाकातून नळी घालून पोट मोकळं केलं तर हिरवट पाणी निघत राहिलं. लघवी झाल्यावरच सलाइनमध्ये पोटॅशियम घातलं.

पोटाच्या एक्स-रेमध्ये फुगलेली आतडी आणि त्यात पाण्याच्या पायऱ्या. या वयात एवढ्यावर गप्प बसता येत नाही. आतड्यात आतडं शिरण्याचा आजारही याच वयात होतो, उलटी आणि फुगलेलं पोट हीच त्याची तक्रार, आणि तो तासांत जिवावर उठतो. सर्जनना बोलावलं, सोनोग्राफी झाली, आतडं आतड्यात शिरलेलं नव्हतं. म्हणजे औषधाने आलेला आतड्याचा लकवा, कमी पोटॅशियमने त्यात घातलेली भर. वाट बघायची.

हे काही छकुलीपासून सुरू झालेलं नाही. पाकिस्तानात 1990 च्या सुमाराला लोपेरामाइडचे थेंब दिलेल्या तान्ह्या बाळांत अगदी हेच दिसलं: पोट फुगलेलं, आतडं बंद, मूल गुंगीत. काही बाळं दगावली, आणि कंपनीला ते थेंब मागं घ्यावे लागले. पुढं 2007 मध्ये बारा वर्षांखालच्या मुलांवरच्या तेरा चाचण्या एकत्र तपासल्या गेल्या. लोपेरामाइड मिळालेल्या 927 मुलांपैकी 8 जणांना आतडं बंद पडणं, गुंगी किंवा मृत्यू असं काही गंभीर झालं. औषधाऐवजी कोरी मात्रा मिळालेल्या 764 पैकी एकालाही नाही. आणि ती आठही मुलं तीन वर्षांखालची. फायदा काय, तर जुलाब सरासरी पाऊण दिवस आधी थांबले. हा सौदा कुठल्याही बापाने कागदावर केला नसता. रात्री दहा वाजता समोर आकडे नसतात, लंगोट असतो.

शनिवारी रात्री काय करायचं होतं, हे वडिलांनी मला स्वतःहून विचारलं. उलटी होते म्हणून ओआरएस राहत नाही, हा त्यांचा मुद्दा रास्त होता. बाटलीने किंवा पेल्याने दिलं तर राहतच नाही, भसकन बाहेर येतं. पण दर दोन मिनिटांनी एक चमचा, 5 मिली, असं दिलं तर तासाला 150 मिली आत जातं आणि पोटाला कळतही नाही. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबायचं, पुन्हा चमच्याने, आणखी सावकाश. पाकीट एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात, पूर्ण. या वयात प्रत्येक जुलाबामागं 50 ते 100 मिली, मधेमधे अंगावरचं दूध, आणि झिंक 20 मिग्रॅ रोज 14 दिवस. जुलाब यातून लगेच थांबत नाहीत, ही गोष्ट आधीच सांगितली नाही तर माणसं दुसऱ्या दिवशी दुकानात जातात. उलटी तरीही आवरत नसेल तर ऑनडानसेट्रॉनची एकच मात्रा डॉक्टर वजनावर देतात. त्याने मान वळत नाही, जुलाब मात्र थोडे वाढू शकतात, आणि पोटॅशियम फार खाली असेल तर तेही जपून.

वडिलांनी दुसरं विचारलं ते अधिक कळीचं: "संडास थांबलं तर बरं झालं का बिघडलं, आम्हाला कसं कळायचं?" मी म्हटलं, लंगोट आणि पोट बघा. जुलाब आपणहून थांबतो तेव्हा मूल प्यायला मागतं, चार-सहा तासांत एकदा तरी लघवी होते, पोट मऊ असतं, ते उठून चाळे करतं. जुलाब थांबला, पण पोट घट्ट, लघवी नाही, आणि मूल "निवांत झोपलंय" ते उठवून उठत नाही, तर तो थांबला नाही, अडकला. ही झोप जुलाबापेक्षा वाईट. तेव्हा सकाळची वाट बघायची नाही.

सोमवारी पहाटे साडेचारला मला वॉर्डमधून फोन आला. जाऊन बघतो तर आई रडवेली. "डॉक्टर, परत लागली की! एवढं सगळं करून परत सुरू झालं." चादर, लंगोट, सगळं भिजलेलं, भला मोठा हिरवट पाण्यासारखा जुलाब. पोट बऱ्यापैकी खाली बसलेलं, आणि स्टेथोस्कोप लावला तर आत पुन्हा ती खळखळ. मला इतका आनंद झाला की आईला ते विचित्रच वाटलं असणार. शनिवारपासूनचं कोंडलेलं पाणी होतं ते. दुपारपर्यंत आणखी चारदा झाले. नळी काढली, चमच्याने ओआरएस सुरू केलं, संध्याकाळी ती आईला लुचली. बुधवारी घरी जाताना वजन 8.3 किलो, आणि हातातली मऊ खिचडी निम्मी तोंडात, निम्मी माझ्या टेबलावर.

त्या दिवशी आजोबाही आले होते. त्यांनी खिशातून ते पाकीट काढून टेबलावर ठेवलं, दोन गोळ्या शिल्लक. जरा चाचरत विचारलं, "डॉक्टरसाहेब, पोरीचं कळलं. मी घेऊ का नको, ते सांगा." मी म्हटलं, ताप नसेल, संडासात रक्त नसेल आणि प्रवासाची अडचण असेल तर तुम्ही एखाद दिवस घेऊ शकता, मात्रा विचारून. त्यांनी पाकीट उचललं, क्षणभर छकुलीकडे बघितलं आणि धोतराच्या कनवटीला खोचलं. "मग कपाटात नको," म्हणाले, "माझ्या अंगावरच बरं."